विड्रॉवल अडवलंय, बोनसचं कारण देतायत. तक्रारपत्र कसं लिहू?

तळ्यातमळ्यात
नमस्कार. हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे, राहतो कोथरूडला. कंपनीने जानेवारीत लीड्सला पाठवलं होतं, २८ सप्टेंबरला परत आलो. तिकडे असताना एका ऑनलाइन कसिनोवर खातं काढलं होतं. ब्रिटनचा परवाना असलेली साइट आहे, नाव देत नाही. 'जुगार खेळूच नये' हे घरी ऐकून झालंय, इथे नको.

१३ सप्टेंबर, शनिवार. माझ्या डेबिट कार्डवरून १०० पौंड भरले, त्यावर त्यांनी १०० पौंड बोनस दिला. अट होती बोनसच्या ३५ पट खेळायची, म्हणजे ३,५०० पौंडांच्या पैजा लावून झाल्या की बोनसचे खरे पैसे होतात. तोवर एका पैजेला कमाल ५ पौंड. स्लॉटवर १-२ पौंड लावत दुपारपासून बसलो होतो. संध्याकाळी एक मोठा हात लागला आणि अट पूर्ण झाली. मग थोडं ब्लॅकजॅक खेळलो आणि १,४८० पौंड काढायची विनंती टाकली.

आधी पासपोर्ट मागितला, दिला. मग पत्त्याचा पुरावा, तोही दिला. ९ ऑक्टोबरला मेल आला की 'बोनस चालू असताना ५ पौंडांपेक्षा मोठ्या पैजा लावल्याने अनियमित खेळ झाला आहे, सबब जिंकलेली रक्कम रद्द'. सदिच्छा म्हणून माझे भरलेले १०० पौंड परत देतो म्हणतायत, त्यासाठी मेलमधल्या बटणावर क्लिक करायचं आहे.

माझ्या २० पौंडांच्या पैजा अट पूर्ण झाल्यानंतरच्या आहेत, हे मला पक्कं आठवतंय. चॅटवर सहा वेळा बोललो. प्रत्येक वेळी नवा माणूस येतो आणि तोच परिच्छेद चिकटवतो. आता रीतसर पत्र लिहायचंय. मसुदा असा आहे:

'तुम्ही चोर आहात. माझ्याकडे सगळे स्क्रीनशॉट आहेत. तीन दिवसांत पैसे आले नाहीत तर मी सोशल मीडियावर, वृत्तपत्रांत आणि कोर्टात जाईन. तुमच्यासारख्या लोकांमुळे...'

पुढे अजून दीड पान आहे.

नाना_सदाशिव
ऐकायचं नाही म्हणालास तरी सांगतो, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. तू सप्टेंबरात खेळलास. म्हणजे आता तक्रार करायला गेलास तर तूच आत जाशील. गप्प बस आणि १०० पौंड घे. नाहीतर पुण्याच्या ग्राहक आयोगात जा, २०१९ च्या कायद्यानुसार राहत्या गावी तक्रार करता येते.

शून्यशेष
नाना, आत पण जाईल आणि ग्राहक आयोगात पण जाईल? एकाच दिवशी?

भाऊ, सोपा उपाय: बँकेला सांगून चार्जबॅक टाक. कार्डने भरलेत ना, बँक परत खेचून आणेल. शिवाय ब्रिटनमध्ये आता बोनसची अट १० पटींपेक्षा जास्त ठेवता येत नाही, ३५ पट म्हणजे सरळ बेकायदा. पत्रात तेच ठोक.

माहेर_खराडी
मी साडेपाच वर्षं खराडीत बसून हेच काम केलंय, परदेशी गेमिंग कंपन्यांच्या तक्रारी वाचायचं. म्हणजे तो परिच्छेद चिकटवणाऱ्यांच्या एक पायरी वर. (गेल्या वर्षी सोडलं. रात्रपाळीने पाठ गेली.)

तेजस, संदेश की काय जे तुझं नाव असेल ते, आधी एक गोष्ट कर. १०० पौंडांच्या त्या बटणाला हात लावू नकोस. तिथे बारीक अक्षरात 'पूर्ण आणि अंतिम तडजोड' असं काही लिहिलेलं असतं. एकदा मान्य केलंस की पुढची सगळी दारं बंद. आणि तुझी स्वतःची भरलेली रक्कम परत देणं ही सदिच्छा कसली?

शून्यशेष, चार्जबॅकने जास्तीत जास्त काय मिळेल? त्याने भरलेले १०० पौंड. भांडण जिंकलेल्या रकमेचं आहे आणि ती कार्डने कधी भरलेलीच नाही. वर कंपनी खातं गोठवणार आणि 'ग्राहकाने पैसे उलटवले' अशी नोंद करून ठेवणार, ती पुढे त्याच्याच विरोधात दाखवली जाते. १० पटींचा नियम खरा आहे, पण तो जानेवारी २०२६ पासूनचा. सप्टेंबरच्या बोनसला लावलास तर पत्र वाचणारी बाई पहिल्याच ओळीला हसून पुढचं वरवर चाळेल. मी तेच करत असे.

नानाकाका, त्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची देवघेव करून देणाऱ्याला. खेळणाऱ्याला नाही. आणि हा तेव्हा लीड्समध्ये बसला होता. ग्राहक आयोगाचं तुमचं बरोबर आहे, राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते. पण ज्यांचं इथे ऑफिस नाही, बँक खातं नाही, त्यांच्याकडून तो आदेश वसूल कोण करणार?

आता मला दोन गोष्टी हव्यात. त्यांनी 'मोठ्या पैजा' म्हणून नेमक्या कोणत्या दाखवल्या? आणि बोनसचे खरे पैसे झाले ती वेळ काय?

पिंपरीचा_पप्या
माझंपण सेम झालंय ताई!! टेलिग्रामवर एक ॲप मिळालं होतं, ५ हजार टाकले त्याचे ६२ हजार दिसतायत. काढायला गेलो तर म्हणतात बोनस घेतला होता म्हणून आधी १८% टॅक्स भरा मग रिलीज होईल. ११ हजार भरायचेत. पत्र कोणाला लिहू? सपोर्टचा नंबर व्हॉट्सॲपवरच आहे.

माहेर_खराडी
पप्या, एक रुपयाही भरू नकोस. तुझं प्रकरण याच्यासारखं नाही. याचे पैसे खरोखर आहेत, द्यायचे की नाहीत यावर वाद आहे. तुझे ६२ हजार म्हणजे नुसता पडद्यावर लिहिलेला आकडा. कर कापायचाच असेल तर देण्याच्या रकमेतून कापतात, वरून मागत नाहीत. पैसे सोडवायला पैसे मागितले की समजायचं. लगेच १९३० ला फोन लाव आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाक. ५ हजार कुठल्या यूपीआयवर गेले तो व्यवहार क्रमांक जवळ ठेव. त्यांना पत्रबित्र काही लिहू नकोस.

पिंपरीचा_पप्या
पण ते म्हणतात आज रात्री १२ पर्यंत भरलं नाही तर लॅप्स होईल

शून्यशेष
होऊ दे लॅप्स. १९३० लाव बाबा.

तळ्यातमळ्यात
ताई, धन्यवाद. (नाव दोन्हीपैकी नाही.) बटण दाबलेलं नाही.

त्यांच्या मेलमध्ये पैजांची यादी आहे. ब्लॅकजॅकचे २० पौंडांचे सहा हात, २०:१० ते २०:३१ या वेळात. आणि त्याखाली लिहिलंय, 'तुमचा बोनस २०:५२ ला रूपांतरित झाला.' म्हणजे त्यांच्या हिशोबाने पैजा आधी आणि रूपांतर नंतर.

पण मी काल इथून खात्यात जाऊन इतिहास उघडला. खेळायचं बटण बंद आहे, पण जुने हात दिसतात. त्यात ते सहा हात १४ सप्टेंबरला पहाटे ०१:४० ते ०२:०१ असे दिसतात! तारीखच वेगळी. आता मलाच कळेना मी कधी खेळलो. याचा स्क्रीनशॉट पाठवू का?

माहेर_खराडी
थांब, तो स्क्रीनशॉट नुसता पाठवू नकोस. मला वाटतं तुझं प्रकरण तिथेच सुटतंय.

तुझा ब्राउझर पुण्याची वेळ दाखवतोय. ०१:४० मधून साडेपाच तास वजा कर, २०:१० येतात. म्हणजे त्यांनी दिलेले २०:१० हे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतले आहेत. आता सप्टेंबरात लीड्समध्ये भिंतीवरचं घड्याळ काय दाखवतं? उन्हाळी वेळ असते, यूटीसीच्या एक तास पुढे. ती २६ ऑक्टोबरला संपली. म्हणजे तू तिथे सोफ्यावर बसून ते हात खेळलास तेव्हा २१:१० वाजले होते.

मग प्रश्न एवढाच, की २०:५२ ही वेळ कुठली? मी काम करायचे तिथे दोन वेगळे पडदे असायचे. खेळ पुरवणाऱ्या कंपनीचा लॉग यूटीसीमध्ये आणि बोनसच्या पाकिटाचा पडदा स्थानिक वेळेत. नवीन मुलं दोन्हीतल्या वेळा एकाच यादीत उतरवायची आणि उन्हाळ्यात बरोबर एका तासाचा घोळ व्हायचा. हिवाळ्यात दोन्ही घड्याळं एकच होतात, त्यामुळे चूक वर्षातून पाच महिने झाकली जाते आणि कोणी दुरुस्तही करत नाही.

'अभिनंदन, तुमचा बोनस रूपांतरित झाला' असा मेल आला असेल बघ. जीमेलमध्ये त्याचं 'मूळ दाखवा' उघड आणि तारखेची ओळ इथे टाक. फक्त तीच ओळ, बाकी काही नको.

तळ्यातमळ्यात
सापडला.

```
Date: Sat, 13 Sep 2025 20:52:11 +0100
```

ताई, शेवटचं +०१०० म्हणजे...

माहेर_खराडी
म्हणजे लीड्सचे २०:५२, यूटीसीचे १९:५२. पहिला हात यूटीसीचे २०:१०. रूपांतर झाल्यावर १८ मिनिटांनी. त्यांनी दोन घड्याळं एकमेकांशेजारी ठेवून तुला ४२ मिनिटं 'आधी' टाकलं.

तरी घड्याळावर एकट्यावर अवलंबून राहू नकोस. वेळेवर वाद घालता येतो, शिल्लकीवर नाही. पहिल्या २० पौंडांच्या हाताच्या ओळीत 'आधीची शिल्लक' बघ. रोख किती आणि बोनस किती?

तळ्यातमळ्यात
रोख १,४३०. बोनस ०.००.

सहा हातांत दोन हरलो, तीन साधे जिंकलो, एक ब्लॅकजॅक लागला त्याचे ३० मिळाले. ५० वर. १,४३० चे १,४८०. जुळतंय!!

शून्यशेष
आयला. बोनस शून्य असताना बोनसची अट मोडली. 😄

नाना_सदाशिव
हे मला समजलं. बँकेत ३४ वर्षं काढली, आम्हीही तारीख नाही पाहायचो, आधीची बाकी पाहायचो. मुला, हेच लिही आणि ती वृत्तपत्रांची धमकी काढ. धमकीच्या पत्रांची आमच्याकडे वेगळी फाइल असे. ती कोणी उघडत नसे.

तळ्यातमळ्यात
काढतो नाना.

एक गोष्ट मी आधी सांगितली नव्हती. त्यांच्या यादीत सात ओळी आहेत. सहा २० पौंडांच्या आणि एक त्यांच्या बरीच आधीची, १८:०५ ची. ब्लॅकजॅकलाच ४ पौंड लावले होते आणि हात चांगला आला म्हणून डबल केलं. ते ८ म्हणून दिसतं. ती मात्र बोनस चालू असतानाचीच आहे, शंका नाही. जिंकलो होतो तो हात. पत्रात फक्त सहांबद्दलच लिहू का? त्यांचा भर २० पौंडांवरच आहे.

शून्यशेष
अजिबात उल्लेख करू नको. त्यांना मुद्दा कशाला द्यायचा?

माहेर_खराडी
मुद्दा त्यांच्याकडे आहेच, यादीच त्यांची आहे. सहा मोडून सातवीवर गप्प बसलास तर उत्तर एका ओळीचं येईल: 'सातव्या पैजेबाबत आपण काहीही म्हटलेलं नाही, सबब निर्णय कायम.' आणि तेच पत्र पुढे तिसऱ्या माणसासमोर गेलं की तू लपवलंस असं दिसेल. सातवीला वेगळा परिच्छेद दे.

त्यासाठी एक शोध. तू बोनस घेतलास त्या दिवशी नियमाचे शब्द काय होते? आज साइटवर काय आहे ते नको. तेव्हाचे.

तळ्यातमळ्यात
बोनसच्या मेलच्या तळाशी नियम होते. त्यात 'एकाच पैजेची कमाल मर्यादा ५ पौंड' एवढंच आहे. आज साइटवर बघितलं तर 'डबल आणि स्प्लिट धरून' असे शब्द आहेत. मला तेव्हाचे आठवत नाहीत, पण मेलमध्ये तर नाहीत.

माहेर_खराडी
छान. म्हणजे छान नाही, पण बोलायला जागा आहे. डबल म्हणजे आधीच्या पैजेत भर की दुसरी पैज, हे दोन्ही बाजूंनी वाचता येतं. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम ६९ आहे. ग्राहकासोबतच्या करारातल्या वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या बाजूचा धरायचा. आणि नंतर 'डबल धरून' असे शब्द त्यांनाच घालावे लागले, म्हणजे आधीचं वाक्य पुरेसं स्पष्ट नव्हतं असं तुला म्हणता येईल. जिंकशीलच असं नाही हां. मी तिथे असताना अशा डबलवर एकदा ग्राहकाच्या बाजूने आणि एकदा विरोधात निर्णय गेलेला पाहिलाय.

करवंदे_सीए
मधेच बोलतो. २८ सप्टेंबरला परतलास, म्हणजे ३१ मार्चपर्यंत भारतात १८२ च्या वर दिवस भरतात. या वर्षी तू इथला निवासी. ब्रिटनमध्ये जिंकलेल्या रकमेवर खेळणाऱ्याला कर नाही, इथे मात्र विवरणपत्रात दाखवावी लागेल आणि दर ३० टक्के आहे. पैसे आले की तुझ्या सीएला सांग. आले की.

नाना_सदाशिव
अजून आले नाहीत तोवर तुमचे ३० टक्के?

करवंदे_सीए
नाना, म्हणूनच 'आले की' दोनदा लिहिलं.

माहेर_खराडी
हे पैसे ज्या कार्डवरून भरले त्याच कार्डवर परत येतात. तिकडचं बँक खातं बंद करायच्या विचारात असशील तर थांब, नाहीतर जिंकूनही महिनाभर कागदांत जाईल. आणि पुण्यातून व्हीपीएन लावून त्या साइटवर जाऊ नकोस. बघायचं होतं ते बघून झालं. व्हीपीएन दिसला की त्यांना तुझ्याविरुद्ध नवं कलम मिळतं, तेही या वेळी खरं.

आता पत्र. चॅटवर नाही, नियमांमध्ये तक्रारींचा वेगळा मेल पत्ता दिलेला असतो त्यावर. विषयात 'तक्रार' हा शब्द स्पष्ट हवा. तिकडे परवानाधारकाला तक्रार आली की आठ आठवड्यांत अंतिम उत्तर द्यावं लागतं, नाहीतर ग्राहक त्यांनीच नेमलेल्या स्वतंत्र तंटा निवारकाकडे फुकट जाऊ शकतो. चॅटवर सहा वेळा बोललास ते 'चौकशी' म्हणून नोंदलं गेलेलं असतं. तिथे घड्याळ चालूच होत नाही. आणि परवाना देणाऱ्या आयोगाला लिहून पैसे मिळतील ही आशा सोड. ते कंपनीवर लक्ष ठेवतात, एकेका माणसाचे पैसे वसूल करून देत नाहीत.

लिही आणि इथे टाक. एक पानाच्या आत. ते पत्र वाचणाऱ्या मुलीला शिफ्टमध्ये अशी चाळीस वाचायची असतात.

तळ्यातमळ्यात
रात्री बसून लिहिलं. पाठवताना इंग्रजीत, इथे मराठीत:

'विषय: औपचारिक तक्रार. १,४८० पौंडांची रक्कम रोखल्याबाबत, ९ ऑक्टोबर २०२५ च्या तुमच्या निर्णयाविरुद्ध.

तक्रार विभागास,

तुमच्या निर्णयात सात पैजांमुळे बोनसच्या कमाल पैजेची अट मोडली असं म्हटलं आहे. त्यांपैकी सहा पैजांच्या वेळी बोनस चालू नव्हता. सातवीबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

या पत्रातल्या सर्व वेळा यूटीसीमध्ये आहेत. माझा बोनस १३ सप्टेंबरला १९:५२ ला रूपांतरित झाला. तुमच्या मेलच्या शीर्षभागात ही वेळ २०:५२, +०१०० अशी आहे. २० पौंडांच्या सहा पैजा २०:१० ते २०:३१ या वेळातल्या आहेत. तुमच्या यादीत पैजांच्या वेळा यूटीसीमध्ये आणि रूपांतराची वेळ ब्रिटिश उन्हाळी वेळेत दिसते, त्यामुळे क्रम उलटा झाला आहे. वेळेबद्दल शंका असल्यास पहिल्या पैजेच्या आधीची शिल्लक पाहावी: रोख १,४३०, बोनस शून्य. सोबत दोन्ही जोडले आहेत.

सातवी पैज, १८:०५: मी ४ पौंड लावून हात दुप्पट केला. बोनस स्वीकारताना मला पाठवलेल्या नियमांत "एकाच पैजेची कमाल मर्यादा ५ पौंड" असं होतं. दुप्पट करण्याचा उल्लेख नव्हता. मी लावलेली पैज ४ पौंडांची होती. सध्या साइटवर असलेले "डबल आणि स्प्लिट धरून" हे शब्द कोणत्या तारखेला घातले ते कळवावं. तुमचा अर्थ वेगळा असला, तरी एका हातातल्या ४ पौंडांच्या फरकासाठी संपूर्ण रक्कम रद्द करणं मला मान्य नाही. फार तर त्या हाताचा निकाल वगळावा.

माझी मागणी: १,४८० पौंड मूळ कार्डवर द्यावेत. देणार नसाल तर कोणत्या कलमाच्या कोणत्या तारखेच्या मजकुराखाली, ते लेखी कळवावं आणि तुमच्या तंटा निवारकाचं नाव द्यावं. १०० पौंडांचा प्रस्ताव मी स्वीकारलेला नाही.'

माहेर_खराडी
चांगलं झालंय. 'सर्व वेळा यूटीसीमध्ये' हे वाक्य वाचून मला माझी जुनी खुर्ची आठवली.

एक बदल. दुप्पट केल्याचं तुला कोणी सांगण्याआधी तूच म्हणतोयस हे बरं, पण 'फार तर निकाल वगळावा' हे शेवटच्या परिच्छेदात जाऊ दे. आत्ता ते तुझ्या युक्तिवादाच्या मधोमध आलंय आणि माघार वाटते.

आणि वेगळ्या मेलने, या पत्रात नाही, तुझी सगळी वैयक्तिक माहिती माग: प्रत्येक पैजेची नोंद, बोनस पाकिटाची नोंद, चॅट. डेटा संरक्षणाखाली एक महिन्यात आणि फुकट द्यावी लागते. क्लिष्ट असेल तर आणखी दोन महिने मागून घेऊ शकतात. तो विभाग वेगळा असतो, त्यांना तुझ्या भांडणाशी घेणंदेणं नसतं. ते कच्ची फाइल जशीच्या तशी पाठवतात.

शून्यशेष
ताई, एक विचारू? हे बोनस नक्की फायद्याचे असतात का? हा जिंकला म्हणून विचारतोय.

माहेर_खराडी
हिशोब करून बघ. स्लॉट १०० पैकी साधारण ९६ परत देतो असं धर. ३,५०० पौंड फिरवायचे तर सरासरीने १४० जातात. बोनस १०० चा. याला मधे मोठा हात लागला म्हणून आपण इथे बोलतोय. ज्यांना लागत नाही ते धागा काढत नाहीत.

तळ्यातमळ्यात
बदल करून पाठवलं. माहितीची विनंतीही वेगळी पाठवली. आता वाट बघतो.

*(तीन आठवड्यांनंतर)*

तळ्यातमळ्यात
उत्तर आलं. या वेळी परिच्छेद चिकटवलेला नाही, माणसाने लिहिलेलं वाटतं. सहा पैजांबद्दल: 'तपासणीअंती या पैजा बोनस कालावधीबाहेरच्या आढळल्या, गैरसोयीबद्दल दिलगीर.' सातवीवर मात्र अडून आहेत. म्हणतात आमच्या यंत्रणेत डबल ही एकच पैज धरली जाते आणि हे आमचं अंतिम मत आहे. १०० ऐवजी ४०० पौंड देतो म्हणतायत. नियमाचे शब्द कधी बदलले त्यावर एक अक्षर नाही.

कच्ची फाइलही आली. ताई, त्यात त्या डबलच्या दोन ओळी आहेत! ४ पौंड आणि परत ४ पौंड, दोन वेगवेगळ्या व्यवहार क्रमांकांनी. ८ ची एक ओळ नाहीच.

माहेर_खराडी
त्यांची यंत्रणा 'एकच पैज' धरते म्हणतात आणि त्यांच्याच फाइलीत दोन व्यवहार. ते पान जपून ठेव. ते उत्तर देतील की दोन्ही ओळींचा फेरी क्रमांक एकच आहे. असेल, बघून घे.

'अंतिम मत' असं लिहिलंय ना? मग आठ आठवडे थांबायची गरज नाही. त्या मेलमध्ये तंटा निवारकाचं नाव असायला हवं.

तळ्यातमळ्यात
आहे. फेरी क्रमांक बघितला, एकच आहे. 😐

नाना_सदाशिव
मी असतो तर ४०० घेतले असते. सहाच्या सहा मान्य करून घेतल्यास, ते काय कमी आहे? हातातलं सोडून पळत्यापाठी जाऊ नये.

शून्यशेष
नाना, हजार पौंडांचा फरक आहे. एका ४ पौंडांच्या चिपसाठी. त्यांचं सॉफ्टवेअर डबलचं बटण बंद ठेवू शकत नव्हतं का? बोनस चालू आहे हे त्यालाच माहीत होतं.

माहेर_खराडी
हा मुद्दा निवारकाकडे नक्की घाल, शून्यशेषने या धाग्यात पहिल्यांदाच बरोबर काहीतरी सांगितलंय. बाकी नानाकाकांचंही अगदी चूक नाही. तिथे जाऊन पूर्ण हरलास तर ४०० चा प्रस्ताव परत ठेवायला ते बांधील नाहीत. जायचं की नाही ते तूच ठरव. मी तुझ्या जागी असते तर गेले असते, पण माझे पैसे नाहीत.

तळ्यातमळ्यात
बायकोला विचारलं. ती म्हणाली, 'ते १,४८० तुझे कधी होते?' याचा अर्थ हो की नाही ते तिने सांगितलं नाही. अर्ज भरलाय. दोन ओळींचं पान, तेव्हाचा मेल आणि शिल्लकीचा स्क्रीनशॉट जोडला. पोच आली, फाइल पूर्ण झाली की कळवू म्हणाले.

पिंपरीचा_पप्या
ताई मी १९३० ला लावला होता त्या रात्री. तक्रार क्रमांक मिळाला. ज्या खात्यात पैसे गेले त्यातले २,१०० रुपये होल्ड केलेत म्हणे, बाकी पुढे गेलेले. ११ हजार भरले नाहीत. त्या ॲपमध्ये आता माझे ९४ हजार दिसतायत.